रस्त्याच्या भरावाची माती: माझा हिशेब ९३२, ठेकेदाराचा १२८९ घनमीटर. खरा कोणता?

बोरीकाठचा शेतकरी (अमळनेर)
राम राम मंडळी. आमच्या शिवारात नाल्यावरच्या मोरीपर्यंत रस्त्याचा भराव झाला. आम्ही बारा-तेरा शेतकऱ्यांनी वर्गणी काढून काम करून घेतलं. पैसे घनमीटरवर ठरलेत. माथा ६ मीटर, बाजूचा उतार २:१ (२ आडवा, १ उभा), लांबी ९० मीटर. गावाकडच्या टोकाला भराव ४० सेंटीमीटर, मोरीजवळ २.४ मीटर. मधे एकसारखा चढत जातो.

मी सरासरी उंची १.४ धरली. पायथा ६ + २.८ म्हणजे ८.८ मीटर. माथा-पायथ्याची सरासरी ७.४, गुणिले १.४, गुणिले ९०, आले ९३२. ठेकेदार म्हणतो १२८९. साडेतीनशे घनमीटर म्हणजे सव्वाशे ब्रासच्या वर फरक. लोक मला विचारताहेत, मी काय सांगू?

मुरूमवाला
भाऊ, एवढी आकडेमोड कशाला? ट्रॉल्या मोजायच्या होत्या. एक ट्रॉली साधारण एक ब्रास, विषय संपला. आम्ही धुळ्याकडे असंच करतो.

निवृत्त ओव्हरसियर (जळगाव)
ट्रॉलीतला मुरूम सैल असतो आणि भरावातला पाणी मारून रोलरने दाबलेला. दोन्हींचं घनफळ एक येत नाही. दर दाबलेल्या भरावाचा ठरला असेल तर ट्रॉल्यांच्या मोजणीत तुम्ही पोकळीचेही पैसे देता. शिवाय ट्रॉली काठोकाठ होती की वर ढीग होता, हे नंतर कोण सांगणार?

आता मूळ प्रश्न. बोरीकाठचे भाऊ, तुमची एक चूक पायथ्यात आहे. उतार दोन्ही बाजूंना आहे, तुम्ही एकाच बाजूचा धरलात. १.४ मीटर उंचीला एका बाजूला २.८ आणि दुसऱ्या बाजूलाही २.८. म्हणजे पायथा ११.६ मीटर, माथा-पायथ्याची सरासरी ८.८. तुमचा ८.८ आकडा बरोबरच आहे, फक्त तो पायथा नव्हे, सरासरी रुंदी आहे. त्याला १.४ ने गुणा, १२.३२ चौरस मीटर. गुणिले ९०, सुमारे ११०९.

कॅड ऑपरेटर शिरपूर
मग उत्तर ११०९. सरासरी उंचीची पद्धत पुस्तकात आहे, ठेकेदाराने फसवलं.

निवृत्त ओव्हरसियर
दादा, घाई नको. ठेकेदाराचा आकडा कुठून आला ते मी काढून पाहिलं. गावाकडच्या टोकाला छेदाचं क्षेत्रफळ २.७२, मोरीकडे २५.९२. दोन्हींची सरासरी १४.३२, गुणिले ९०, बरोब्बर १२८८.८. त्यानेही पुस्तकातलीच पद्धत वापरलीय, दोन टोकांच्या क्षेत्रफळांच्या सरासरीची. हातचं काही घातलेलं दिसत नाही.

पण या भरावाला ती जास्त दाखवते, आणि सरासरी उंची कमी दाखवते. कारण एकच आहे. भराव उंच होतो तसा रुंदही होतो. इथे उंची सहापट झाली, पण क्षेत्रफळ साडेनऊपट. मधल्या ठिकाणी, ४५ मीटरवर, छेद १२.३२ चा आहे, १४.३२ चा नाही. म्हणून मधल्या छेदाला चौपट वजन द्यायचं: २.७२, अधिक ४ × १२.३२, अधिक २५.९२. बेरीज ७७.९२, भागिले ६, गुणिले ९०. उत्तर ११६८.८, धरा ११६९ घनमीटर. जमीन सपाट आणि चढ एकसारखा असेल तर हे नेमकं घनफळ आहे. सरासरी उंचीने ६० कमी येतात, ठेकेदाराच्या पद्धतीने १२० जास्त.

दर १५-२० मीटरला उंची घेतली असती तर हा वादच झाला नसता. दोनच तुकडे केले तरी ठेकेदाराच्या पद्धतीची चूक १२० वरून ३० वर येते.

कॅड ऑपरेटर शिरपूर
मान्य काका, मी मधला छेद विसरलो. शीटमध्ये करायचं असेल तर B मध्ये माथा, C मध्ये उतार, D मध्ये उंची, आणि प्रत्येक ठिकाणचं क्षेत्रफळ असं:

```
=(B2+C2*D2)*D2
```

एक सांगतो, आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला हे सूत्र चालत नाही. जमीन आडवीही कललेली असते. एका कडेला भराव १ मीटर, दुसऱ्या कडेला २. तिथे प्रत्येक छेद काढूनच मोजावा लागतो.

गिरणापल्याड (चाळीसगाव)
माझं शेततळं ३० × ३० चं आहे, ३ मीटर खोल, उतार १:१. हेच सूत्र लावलं तर चालेल ना? खोदाईचं बिल द्यायचंय.

निवृत्त ओव्हरसियर
ताई, रस्त्याला उतार दोनच बाजूंना असतो, तळ्याला चारही. त्यामुळे ते सूत्र नको, पण मधल्या छेदाची युक्ती चालते. वर ९००, तळाशी २४ × २४ म्हणजे ५७६, मध्ये २७ × २७ म्हणजे ७२९. ९०० + ४ × ७२९ + ५७६, भागिले ६, गुणिले ३. आले २१९६ घनमीटर.

बोरीकाठचे भाऊ, तुम्ही मोरीजवळ पायथ्याची रुंदी टेपने मोजा. उतार खरंच २:१ असेल तर तिथे १५.६ मीटर भरली पाहिजे. कागदावरचा उतार आणि जागेवरचा उतार यांत बऱ्याचदा फरक निघतो.

बोरीकाठचा शेतकरी
काका, आज सकाळीच दोघांना घेऊन मोजलं. १३.२ भरली. दोनदा मोजली. टेप आडवा ताणून धरला होता.

निवृत्त ओव्हरसियर
मग दोन्ही बाजूंना मिळून ७.२, एका बाजूला ३.६. भागिले २.४, उतार दीडास एक. पूर्ण लांबीत तसाच असेल तर छेद २.६४, ११.३४ आणि २३.०४ होतात, आणि घनफळ सुमारे १०६६. म्हणजे १०३ घनमीटर नुसत्या उतारात गेले. पण एका जागेवरून ठरवू नका, आणखी तीन-चार ठिकाणी मोजा. आणि पैशाआधी मला काळजी वेगळी आहे: नाल्याकडचा चढा उतार पावसात धुपतो.

मुरूमवाला
ठेकेदाराच्या बाजूनेही बोलू का? काळ्या जमिनीवर भराव टाकायच्या आधी वरची १५ सेंटीमीटर माती काढतात, नाहीतर मुळं-गवत खाली कुजून भराव बसतो. ती जागाही मुरूमाने भरावी लागते. तुमच्या उंच्या माती काढण्याआधीच्या की नंतरच्या?

निवृत्त ओव्हरसियर
हा मुद्दा बरोबर शे. दीडास एक उतार धरला तर सरासरी पायथा १०.२ मीटर, गुणिले ९०, गुणिले ०.१५. साधारण १३८ घनमीटर होतात. आधीच्या जमिनीपासून उंची मोजली असेल आणि माती खरंच काढली असेल, तर तेवढे ठेकेदाराचे वाढतात. मग बेरीज १२०० च्या आसपास जाते.

बोरीकाठचा शेतकरी
उंच्या आम्ही काम सुरू व्हायच्या आधीच्या जमिनीवरून घेतल्या होत्या. माती काढली का, ते बघायला कुणी थांबलं नव्हतं. ठेकेदार म्हणतो काढली, आमच्यातले दोघे म्हणतात नाही काढली.

निवृत्त ओव्हरसियर
गावाकडच्या टोकाला भराव कमी आहे, तिथे बाजूच्या उतारात तीन ठिकाणी टिकावाने खड्डा घ्या, ठेकेदाराला उभं करून. बाजूच्या शेताची पातळी सुतळीने लावून घ्या. मुरूम त्या पातळीच्या खाली वीतभर गेला असेल तर माती काढलीय. मुरूमाच्या खाली लगेच काळी माती आणि गवताची मुळं दिसली तर नाही काढली. खड्डे पाणी मारून, ठोकून परत भरा.

बोरीकाठचा शेतकरी
रविवारी सगळे असतात, तेव्हा करतो. खड्डे आणि चार ठिकाणची रुंदी, दोन्ही इथे टाकतो.