शब्दचर्चा: ‘बंधनप्रेरित उपचार’ म्हटले तर कोणता हात बांधायचा?

अनघा

पक्षाघाताच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी असलेल्या एका माहितीपत्रकाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. त्यातील ‘मिरर थेरपी’ला मी ‘आरसा-उपचार’ म्हटले आणि पुढे गेले. ‘कन्स्ट्रेंट-इंड्यूस्ड मूव्हमेंट थेरपी’ला मात्र ‘बंधनप्रेरित उपचार’ असा शब्द योजला आणि तिथेच अडले. कच्चा मसुदा वाचून एका रुग्णाच्या पत्नीने मला विचारले, “आधीच लुळा पडलेला हात आणखी बांधून ठेवायचा?” प्रत्यक्षात अडवायचा असतो तो चांगला हात, म्हणजे लुळ्या हाताला काम करावेच लागते. हे शब्दातूनच कळेल असे काही सुचवाल का? दुसरी शंका अशी, की आरसा-उपचाराचा पुरावा ‘मॉडरेट’ आहे असे मूळ पत्रकात म्हटले आहे. मी ‘मध्यम दर्जाचा पुरावा’ असे लिहिले, पण ते वाचताना पुरावा सुमार असल्यासारखे वाटते.

दत्तात्रय

‘बंधन’ या शब्दाला शिक्षेची छटा आहे. ‘निग्रह’ हा शब्द आपल्याकडे पूर्वापार आहे आणि त्यात आवर घालणे व निर्धार हे दोन्ही अर्थ येतात, म्हणून ‘करनिग्रह-चिकित्सा’ असे म्हणावे. आरशालाही ‘दर्पण-चिकित्सा’ असे म्हटले, तर दोन्ही संज्ञा एका घडणीच्या होतील. परिभाषा एकदा नीट घडवली की लोक ती शिकतात.

सुरेश

आरशाचा उपचार आमच्या घरी झालेला आहे. माझ्या मेहुण्याचे तोंड एका बाजूला वाकडे झाले होते, तेव्हा त्याला रोज आरशासमोर बसवून गाल फुगवायला आणि भुवया उचलायला लावत असत. दोन महिन्यांत तो बरा झाला, त्यामुळे पुरावा मध्यम आहे हे मला पटत नाही. ‘लकवा’ हा शब्दही मुळात अरबी असून तिकडे त्याचा अर्थ तोंड वाकडे होणे असाच आहे.

वैशाली

मी गेली अनेक वर्षे ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. सुरेशराव, ‘लकवा’ शब्दाबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे, पण आपल्या मेहुण्यांनी केला तो चेहऱ्याच्या स्नायूंचा व्यायाम होता. त्यात माणूस आरशात स्वतःची चूक पाहून सुधारतो. अनघाताई विचारतात त्या उपचारात आरसा मधोमध उभा धरतात, दुबळा हात त्याच्या मागे झाकतात आणि रुग्ण चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत बोटे उघडमीट करतो. त्यामुळे दुबळाच हात हलतो आहे असा मेंदूला भास होतो. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती हात गमावलेल्या माणसांच्या वेदनेसाठी काढली आणि १९९९ मध्ये आल्टशुलर व सहकाऱ्यांनी ती पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवर करून पाहिली. हा भास फार नाजूक असतो. आमच्याकडे एका बाईंच्या चांगल्या हातात बांगड्या होत्या, तर दुबळ्या हातातल्या सुजेमुळे काढलेल्या होत्या. “हा माझा तो हात नव्हेच,” असे त्या म्हणत राहिल्या. बांगड्या काढायला सांगणे आम्हाला प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांना लांब बाह्यांचा सदरा घालायला दिला, आणि मग त्यांना तो हात आपला वाटू लागला.

आता मूळ शब्दाकडे येते. ‘बंधन’ असो वा ‘निग्रह’, दोन्ही शब्द सगळा भर चांगल्या हातावर चढवायच्या हातमोज्यावर देतात आणि हीच खरी अडचण आहे. पक्षाघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत दुबळा हात वापरायला गेले की वस्तू पडते, चहा सांडतो. म्हणून माणूस तो वापरणे सोडतो, आणि पुढे हातात थोडी हालचाल परतली तरी सोडलेली सवय तशीच राहते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी हे आधी माकडांत दाखवले होते. ‘न वापरणे अंगवळणी पडणे’ याहून नेमके मराठी मला सापडत नाही. हातमोजा ती सवय मोडायला मदत करतो, पण हात सुधारतो तो रोजच्या तासन्‌तासांच्या सरावाने. सुरुवातीच्या प्रयोगांत चांगला हात झोळीत अडकवत असत. पुढे तळव्याची बाजू जाड असलेला मोजा आला, कारण झोळीतला हात पडताना टेकता येत नाही. म्हणजे उपचाराच्या नावात जी गोष्ट आहे, तीच मुळात सैल करावी लागली.

मनोहर

माझ्या पत्नीवर हा उपचार झाला, म्हणून लिहितो. झटका येऊन अकरा आठवडे झाले होते आणि मनगट व बोटे थोडी उचलता येत होती. तेवढी हालचाल नसती तर हा उपचार घेता येणार नाही, असे आम्हाला आधीच सांगितले होते. दिवसा चांगल्या हातात मोजा असे आणि सकाळी तीन तास सराव होई. सुरुवात ताटलीतले वाटाणे वाटीत टाकण्यापासून झाली. ते जमू लागले की वाटी चार बोटे दूर सरकवायची, मग एका पुस्तकावर ठेवायची, असे रोज थोडे अवघड करत न्यायचे. संध्याकाळी मुलगी वहीत लिहून ठेवी, की आज कडी कोणत्या हाताने काढली, टॉवेल कोणत्या हाताने घेतला. दोन आठवड्यांनी कडी आणि टॉवेल त्या हाताकडे परत आले, पण ब्लाउजचे हूक आजही लागत नाहीत. आमच्या घरात या सगळ्याला ‘मोज्याचे दिवस’ म्हणतात. ‘करनिग्रह’ कुणी म्हटले असते तर ते आम्हाला कळले नसते.

दत्तात्रय

मनोहरराव, आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु घरातला शब्द आणि शास्त्रातली संज्ञा यांत भेद राहणारच. वैशालीताईंना माझा प्रश्न असा, की मोज्याने फक्त मदत होते हे सिद्ध झालेले आहे, की तो आपला व्यवसायातला अंदाज आहे?

वैशाली

प्रश्न रास्त आहे आणि मी ते थोडे जास्तच ठामपणे लिहिले. सगळ्यात गाजलेली चाचणी अमेरिकेत सात केंद्रांवर झाली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. दोन आठवडे, जागेपणाच्या नव्वद टक्के वेळ हातात मोजा आणि कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव, असा क्रम होता. या गटाचा हात अधिक सुधारला आणि तो फरक वर्षभराने टिकून होता. मात्र दुसऱ्या गटाला फक्त नेहमीचे उपचार मिळाले होते. त्यांतल्या काहींना जवळजवळ काहीच मिळाले नव्हते. त्यामुळे फरक मोज्याने पडला की तासांनी, हे त्या चाचणीवरून वेगळे काढता येत नाही. नंतर झालेल्या एका लहान चाचणीत झटक्यानंतर लगेचच जास्त तास सराव दिलेल्या गटाची सुधारणा उलट कमी दिसली, म्हणजे तास वाढवले की लाभ वाढतोच असेही नाही.

कॉक्रेन आढाव्यात एका उपचारावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासतात; २०१५ च्या अशा आढाव्यात ४२ अभ्यास आहेत. त्यानुसार हाताची हालचाल सुधारते, पण माणसाचे दुसऱ्यावर अवलंबून राहणे कमी होते, असे खात्रीने म्हणता येत नाही. अनघाताई, इथे आणखी एक खड्डा आहे. हात दुबळा असणे आणि रोजच्या कामात परावलंबी असणे या दोहोंना मराठीत सरसकट ‘अपंगत्व’ म्हटले, तर हा निष्कर्षच पुसला जातो. म्हणून दुसऱ्यासाठी आपण ‘परावलंबन’ लिहावे. ब्लाउजचा हूक तिथेच येतो.

सुरेश

मग आरशाचा पुरावा या मोज्यापेक्षा कमी की जास्त?

वैशाली

एका फूटपट्टीने मोजता येत नाही, कारण बोटे अजिबात हलत नसतील तरीही आरसा चालतो आणि मोजा चालत नाही, म्हणजे दोन्हींचे रुग्ण पुष्कळदा निराळे असतात. आरशावरील २०१८ च्या आढाव्यात ६२ अभ्यास होते आणि हालचाल व रोजची कामे यांबद्दल ‘मॉडरेट’ हा शेरा तिथला आहे. वेदनेबद्दल त्याहून कमी भरवसा आहे. पुष्कळसे अभ्यास लहान आहेत आणि आपण आरशात पाहतो आहोत हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे शेरा वर जाणे अवघड आहे. या शेऱ्याचा अर्थ असा, की खरा परिणाम सापडलेल्या अंदाजाच्या बहुधा जवळपास असेल, पण तो बराच वेगळाही निघू शकतो. परिणाम मोठा की लहान, हे त्यात सांगितलेले नसते. म्हणून मी ‘दर्जा’ हा शब्द काढून ‘बऱ्यापैकी भरवशाचा पुरावा’ असे लिहीन.

दत्तात्रय

‘बऱ्यापैकी’ हा बाजारातला शब्द आहे. ‘मध्यम विश्वसनीयता’ असे लिहावे.

अनघा

‘परावलंबन’ घेतले आणि ‘भरवसा’ही घेते. ‘मध्यम’ लिहिले की वाचणारीच्या मनात परीक्षेतले गुण येतात, म्हणून दत्तात्रयजी, आपली सूचना माझ्या मनाला पटत नाही. उपचाराच्या नावासाठी सध्या ‘चांगला हात आवरून दुबळ्या हाताचा सराव’ असे लांबलचक लिहून ठेवले आहे. पत्रकाच्या मथळ्यात ते एका ओळीत बसत नाही.

मनोहर

दोन ओळी होऊ द्या. आम्हाला कोणता हात ते पहिल्याच दिवशी कळायला हवे होते, कारण पहिल्या रात्री मुलीने मोजा दुबळ्या हातात घातला होता.