'सहवेदना' लिहिलं तर चुकलं का?

माळरान
परवा कॉलेजच्या मैत्रिणीने पोस्ट टाकली. "आई गेली. आज पहाटे साडेचारला." बस, एवढंच. खाली भराभर "भावपूर्ण श्रद्धांजली" पडत होत्या. मी तिच्या आईला एकदाही भेटले नव्हते. माझ्यासाठी तिची आई म्हणजे होस्टेलवर दर महिन्याला येणारा मेतकुटाचा डबा. श्रद्धांजली लिहायला हात धजेना, म्हणून लिहिलं: "सहवेदना. काकूंचं मेतकूट अजून आठवतं." तासाभरात तिच्या एका नातेवाइकांनी खाली लिहिलं, "सहवेदना असा शब्द मराठीत नाही, संवेदना म्हणावे. आणि अशा प्रसंगी मेतकूट?" मी ओशाळून प्रतिक्रिया काढून टाकली. तेव्हापासून रुखरुख लागलीय. खरंच नाही का असा शब्द? आणि गेलेल्या माणसाशी आपली ओळखच नसेल तर लिहायचं काय?

शुद्धमती
ते गृहस्थ अर्धे बरोबर आहेत. सहवेदना हा वर्तमानपत्रांनी पाडलेला शब्द. माझ्या आजीच्या तोंडी कधी ऐकला नाही. श्रद्धांजली म्हणावं, चांगला जुना शब्द आहे. श्राद्ध अधिक अंजली. श्राद्धात ओंजळीने पाणी सोडतात ना, तेच.

ओंजळभर
शुद्धमतीताई, ओंजळ बरोबर, श्राद्ध चुकलं. श्राद्ध अधिक अंजली केलंत तर श्राद्धांजली होईल, पहिल्या अक्षराला काना येईल. शब्द आहे श्रद्धा अधिक अंजली. श्राद्धसुद्धा श्रद्धेवरूनच आलं, म्हणजे दोघं भावंडं आहेत, एक दुसऱ्याचा बाप नाही. तुम्ही म्हणता ते पाणी सोडणं म्हणजे तिलांजली, तीळ घातलेल्या पाण्याची ओंजळ. ती आपण आता सिगारेटला आणि साखरेला देतो.

माळरान, तुमचा हात का अडला ते मला कळतं. ओंजळ वाहायची असते ती गेलेल्या माणसाला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'त मैत्रीण कुठेच नाही. तिच्या आईशी बोलून आपण तिच्या शेजारून निघून जातो. तुम्हाला मैत्रिणीशी बोलायचं होतं.

आणि 'संवेदना' तर नकोच. हिंदीत संवेदना व्यक्त करतात. मराठीत डॉक्टर टाचणी टोचून विचारतात, पायाला संवेदना आहे का.

खमंग_काकडी
श्रद्धांजलीपेक्षा आदरांजली बरा ना? आमच्या ऑफिसात तोच लिहितात.

गच्चीवरचा
आदरांजलीचं नाव काढू नका! सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी त्यांचा फोटो टाकला होता, शाल-श्रीफळासकट. माझ्या एका मित्राने 'विनम्र आदरांजली' लिहिलं. त्याचं म्हणणं, आदर आहे म्हणून आदरांजली. पुढे दोन दिवस सासऱ्यांच्या गावाहून फोन, कधी झालं, कसं झालं. सासरे स्वतःच उचलत होते. सासूबाई अजून त्या मित्राला चहा विचारत नाहीत.

शुद्धमती
शब्दाचा अर्थ पाहिला तर तुमच्या मित्राचं काहीच चुकलं नाही. अंजली म्हणजे जोडलेले हात, ते जिवंत माणसालाही जोडतात.

ओंजळभर
अर्थ पाहून कुणी दचकत नाही हो, वापर पाहून दचकतं. आज अंजली म्हटलं की हार घातलेला फोटोच दिसतो.

निळी_शाई
मला आदरांजली बरा वाटतो, कारण वेगळं आहे. आम्ही बौद्ध. बाबा गेले तेव्हा मित्रांनी मनापासून लिहिलं, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' राग नाही आला, पण आमच्याकडे ईश्वरही नाही आणि आत्माही नाही. तेवढ्या एका ओळीतले दोन्ही आधार निघून जातात, उरते फक्त शांती. आमच्यात नावाआधी कै. लावत नाहीत, कालकथित लावतात, आणि कार्यक्रम पुण्यानुमोदनाचा असतो. दोघाच जणांनी नुसतं लिहिलं होतं, 'वाईट वाटलं रे. संध्याकाळी येतो.' आणि आले.

सहवेदनेबद्दल. पालीत वेदना म्हणजे नुसतं दुःख नाही. सुखाची वेदना असते, दुःखाची असते आणि धड सुखही नाही, दुःखही नाही अशीही असते. वेदना म्हणजे जाणवणं. त्या अर्थी सहवेदना म्हणजे तुला जे जाणवतंय ते मलाही थोडं जाणवतंय. मेतकूट त्यात सहज बसतं.

खमंग_काकडी
पण 'मृतात्मा' मुळात चूकच आहे. आत्मा मरत नाही, गीता सांगते. मग मृत आत्मा कुठून आला?

ओंजळभर
मृत झालेला आत्मा नव्हे, मृताचा आत्मा. राजवाड्यात वाडा राजा असतो का? राजाचा वाडा असतो. तरी निळी_शाई यांचा मुद्दा उरतोच. समोरच्या घरात काय मानतात हे ठाऊक नसेल तर आत्म्याला मध्ये आणूच नये.

सोसायटी_सचिव
आमच्या सोसायटीत एक ज्येष्ठ सभासद वारले. रविवारी शोकसभा आहे. कृपया शोकप्रस्तावाचा नमुना द्यावा. 'दुःखद निधन' लिहावे की नुसते 'निधन'?

गच्चीवरचा
नुसते निधन. सुखद कुणाचं ऐकलंय का?

शुद्धमती
ऐकलंय. आमच्या एका चुलत आजेसासऱ्यांच्या वेळी. असो.

जुना_बटवडा
मी टपाल खात्यात होतो, तेव्हाचं सांगतो. मयताचं कार्ड लांबूनच ओळखू यायचं, कोपरा फाडलेला असायचा. वर श्री नसायचा. ते हातात ठेवताना मी काही बोलत नसे, कडी वाजवून उभा राहत असे. घरातलं कुणी कार्ड वाचायचं आणि तिथेच फाडायचं, घरात ठेवत नसत. उलटटपाली जे कार्ड जायचं त्यात श्रद्धांजली हा शब्द माझ्या तरी पाहण्यात नाही. 'पत्र पावले. वाईट झाले. धाकट्यांकडे पाहून धीर धरावा. दहाव्याला येतो.' असं असायचं. उघड्या कार्डांवर नजर जायचीच, खोटं कशाला बोलू.

आणि भेटायला जाण्याला आम्ही समाचाराला जाणं म्हणतो. तिथे तर बोलतच नाहीत. जायचं, बसायचं, कुणीतरी विचारतं, "काय झालं होतं?" मग घरचं माणूस सगळं सांगतं. दिवसभरात वीस वेळा सांगतं आणि त्यानेच हलकं होतं. पाहुण्याने फक्त ऐकायचं. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, गपचूप उठायचं.

खमंग_काकडी
समाचार घेणं म्हणजे झापणं ना?

जुना_बटवडा
घेणं वेगळं, समाचाराला जाणं वेगळं. आणि पोरी, चौकशी करण्यालाही समाचार घेणंच म्हणतात.

ओंजळभर
काकांच्या कार्डात माळरानच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. 'वाईट झाले' हे बोलणाऱ्याचं, 'धीर धरावा' ऐकणाऱ्याचं, 'येतो' दोघांचं. फक्त 'धीर धर' आपल्या बरोबरीच्या माणसाला लिहिताना मी जपून वापरतो. वडीलधाऱ्याच्या तोंडी शोभतं, मैत्रिणीने लिहिलं तर रडू नकोस असं म्हटल्यासारखं वाटतं. आणि गेलेल्या माणसाचा डबा आठवणं ही ओळख नाही तर काय? मी असतो तर मेतकूट ठेवून सहवेदना गाळली असती.

निळी_शाई
मी दोन्ही ठेवली असती.

शुद्धमती
दशक्रियेच्या आत खाण्याचा उल्लेख मलाही खटकला असता, खोटं नाही सांगत. सुतक असतं, घरात फोडणीसुद्धा देत नाहीत.

गच्चीवरचा
आमच्याकडे शेजारी पहिल्याच दिवशी पिठलं-भात आणून वाढतात. कडू घास म्हणतात. पिठल्याला फोडणी असते की.

शुद्धमती
नसते.

गच्चीवरचा
असते हो. मी खाल्लंय. कांदा नसतो एवढंच.

सोसायटी_सचिव
नमुना मिळाल्यास उपकार होतील. रविवार जवळ आला.

माळरान
काल रात्री परत लिहिलं: "वाईट वाटलं गं. काकूंचं मेतकूट अजून आठवतं. शनिवारी येते." सहवेदना घातली नाही.

निळी_शाई
म्हणजे असा शब्द नाही, हे त्यांचं म्हणणं मान्य केलंत?

माळरान
नाही हो. पण तिथे भांडायचं नव्हतं.