'उद्याची मॅच फिक्स आहे' : आमच्या मालवणच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

गिरीश कांबळी (ए-१०४): मंडळी, एक विचारायचंय. टेलिग्रामवर एक जण मला पर्सनल मेसेज करून मॅचचा निकाल आधीच सांगतोय. लागोपाठ तीन मॅच बरोबर आल्या आणि त्याने एक पैसाही मागितला नाही. आता म्हणतो उद्याची मॅच फिक्स आहे, टिपचे ४,९९९ रुपये. चुकलं तर पैसे परत. होडीच्या इंजिनाचं काम अडलंय, म्हणून मोह होतोय.

नेहा परब (बी-३०१): गिरीशदादा, पैसे पाठवू नका. बँकेच्या कामात असे व्यवहार मी बघते. ते तीन निकाल बरोबर येण्यासाठी त्याला क्रिकेटमधलं काहीच कळावं लागत नाही.

गिरीश कांबळी: पण तीन वेळा, वहिनी? मॅच सुरू व्हायच्या आधी आलेले मेसेज आहेत, वेळ दिसते.

नेहा परब: वेळ खरी आहे, मेसेजही खरे आहेत. समजा त्याच्याकडे ८०० नंबर आहेत. पहिल्या मॅचला ४०० जणांना सांगायचं 'अ' जिंकणार, उरलेल्या ४०० जणांना 'ब'. मॅच संपली की चुकीचा निकाल गेलेल्या ४०० जणांना सोडून द्यायचं. दुसऱ्या मॅचला उरलेल्यांचे २००-२०० करायचे, तिसऱ्याला १००-१००. शेवटी १०० माणसं अशी उरतात, ज्यांनी आपल्या डोळ्यांनी तीनही अंदाज खरे ठरलेले पाहिले. तुम्ही त्या १०० मधले. बाकीच्या ७०० जणांना काय मेसेज गेले हे तुम्हाला कधीच दिसत नाही, आणि त्याचं सगळं काम त्यावरच चालतं.

सचिन मयेकर (बी-२०२): मग पैसे परत द्यायची हमी कशाला देतो?

नेहा परब: त्यात त्याचा तोटा नाही म्हणून. १०० पैकी ४० जणांनी ४,९९९ भरले, तर त्यांचेही दोन भाग. २० जणांची टिप चुकेल, त्यांना त्याने खरंच पैसे परत दिले असं धरू. उरलेल्या २० जणांचे जवळजवळ १ लाख रुपये त्याचेच. आणि हे २० जण आता त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, म्हणून पुढची टिप २५ हजारांची. प्रत्यक्षात बरेच जण परत देतच नाहीत. 'आधी प्रोसेसिंग फी भरा' म्हणतात किंवा ब्लॉक करतात.

तात्या (सी-१): थांबा. माझ्या नातवाक पण असोच मेसेज इलेलो. इचारतंय.

सचिन मयेकर: मी एका चॅनलवर आहे, तिथे सगळ्यांना एकच टिप दिसते. ती तरी खरी?

नेहा परब: चॅनलवर दोन्ही टीमच्या पोस्ट टाकून चुकलेली पुसता येते. टेलिग्रामवर पुसलेल्या पोस्टची खूण राहत नाही. पोस्टची लिंक कॉपी करून बघ, शेवटी नंबर असतो. ४१२ नंतर थेट ४१५ आला तर मधलं काहीतरी गेलंय. सेटिंग बदलल्याने किंवा एकत्र टाकलेल्या फोटोंमुळेही नंबर सुटतो, पण दर मॅचच्या आसपास सुटत असेल तर काय ते समज. जिंकलेल्या पैशांच्या स्क्रीनशॉटवर तर भरवसाच ठेवू नकोस, ते मोबाइलवर कुणालाही बनवता येतात.

गिरीश कांबळी: पण फिक्सिंग होतंच ना, २०१३ मध्ये पकडलं होतं.

नेहा परब: हो. पण त्या आयपीएल प्रकरणात पोलिसांचा आरोप ठराविक ओव्हरमध्ये ठरलेल्या धावा देण्याचा होता, मॅच हरण्याचा नव्हता. आणि ज्याला खरंच आतलं माहीत आहे, तो ती गोष्ट चार माणसांतही फुटू देणार नाही. अनोळखी लोकांना ४,९९९ ला विकली की ती त्याच्या उपयोगाची राहत नाही.

तात्या: नातवाचो फोन बघितलंय. तोच फोटो, तेच नाव. पण पयल्याच मॅचेक तेका दुसरी टीम सांगितल्यान. ती हरली. तेच्या मागसून मेसेजच बंद.

गिरीश कांबळी: तात्या, स्क्रीनशॉट टाका. माझ्याकडे त्याच मॅचचा, त्याच संध्याकाळचा मेसेज आहे.

तात्या: टाकलंय.

गिरीश कांबळी: दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. मजकूर शब्दन् शब्द तोच, फक्त टीमचं नाव वेगळं. वहिनी, ७०० मधला एक सी विंगमध्येच निघाला.

सचिन मयेकर: वेंगुर्ल्याच्या माझ्या भावाने मात्र काल रात्री पैसे भरलेत. क्यूआर स्कॅन केल्यावर तिसऱ्याच कुणाचं नाव आलं होतं म्हणे.

नेहा परब: तो भाड्याने घेतलेल्या खात्याचा प्रकार असतो. भावाला आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांग, उद्यावर ढकलू नकोस. व्यवहाराचा यूटीआर नंबर, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवायला सांग. पैसे त्या खात्यात अजून असतील तर ते तिथेच रोखता येतात, पुढे काढून घेतले तर हाती लागणं फार कठीण. cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवता येते. त्याने चॅट डिलीट करू नये. आणि 'तुमचे पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी भरा' असा कुणाचा फोन आला तर ती दुसरी फसवणूक.

सचिन मयेकर: त्याच्याकडे यूटीआर आहे. फोन लावतोय.