मदत हवी आहे: लाल बटण दाबल्यावरही गाडी घरंगळते

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. पाइपांची बंडलं वाहणारी २४ व्होल्टची रोबोट गाडी केलीय, मालासकट दीडशे किलो. आधी इमर्जन्सी बटण कंट्रोलरच्या पिनला जोडलं होतं. एकदा प्रोग्राम अडकला, बटण दाबूनही गाडी चालतच राहिली, आणि पुढे वाकून झाडणाऱ्या मावशी थोडक्यात वाचल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता बटणाचा एनसी कॉन्टॅक्ट थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या लाइनीत घेतलाय. वायर तुटली तरी मोटरची वीज जाते. पण नंतर गाडी घरंगळते: सेकंदाला १ मीटर वेग असेल तर ७० सेंटीमीटर. वेग ०.३ मीटर केला की जेमतेम ६-७, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाने घटतं. मात्र ही मर्यादाही प्रोग्राममध्येच आहे. तो पुन्हा अडकला तर?

वीज गेली की आपोआप आवळणारा ब्रेक लावू, की कॉन्टॅक्टरच्या एनसीतून मोटर रेझिस्टरवर टाकू? दाराशी उतार आहे. तिथे रेझिस्टर गाडी हळू करेल, धरून ठेवणार नाही. आणि वेगाला प्रोग्रामबाहेरून लगाम कसा घालावा? कोणी केलं असेल तर सांगा भाऊ, तोवर गाडी बंदच ठेवलीय.