पहिला प्रश्न: पार्सल हातात आलंय का?

"कस्टमर नुसतं 'ऑर्डरमध्ये प्रॉब्लेम आहे' एवढंच लिहितो, मग पहिलं काय विचारायचं?"

मी तरी "काय प्रॉब्लेम आहे?" असं कधीच विचारत नाही, कारण त्यावर "सांगितलं ना, ऑर्डरचा" असंच उत्तर येतं. आधी त्याच्या फोन नंबरवरून ऑर्डर स्वतः उघडून बघायची आणि मग एकच विचारायचं, पार्सल हातात आलंय का? नाही म्हणाला तर ट्रॅकिंग, पत्ता, पेमेंट, आणि हो म्हणाला तर तुटलं, चुकीचं आलं की काही कमी आलं, म्हणजे अर्धे रस्ते तिथेच बंद.

परवा एकाच्या दोन ऑर्डरी होत्या, चादर 'डिलिव्हर्ड' दिसत होती आणि दिवा अजून वाटेत. नव्या मुलाने सरळ चादरीचा फोटो मागितला, तो माणूस असा भडकला, कारण चादर त्याला मिळालीच नव्हती, शेजाऱ्याकडे दिलेली निघाली! म्हणून स्टेटस काहीही दाखवो, "चादरीबद्दल म्हणताय की दिव्याबद्दल, आणि ती वस्तू तुमच्या हातात आलीये का?" असं वस्तूचं नाव घेऊन विचारायचं. ऑर्डर नंबर मात्र फोन नंबरवरून काही सापडलं नाही तरच मागायचा, आणि फोटो वस्तू मिळाल्याचं कळल्यावरच.