स्टेटमेंटच्या फोटोवरून आकडे घेतले, पण शिल्लक जुळत नाही. चुकलेली ओळ कशी शोधावी?

पुष्कर_खजिनदार
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या खजिनदाराचं काम माझ्याकडे आलंय. आधीच्या समितीकडून बँक स्टेटमेंटचे फक्त मोबाईलवर काढलेले फोटो मिळाले. ते ओसीआरमधून काढून एक्सेलमध्ये घेतले. पहिल्या फोटोत अर्धं पान बँकेच्या नावपत्त्याचंच आहे, त्यामुळे व्यवहार थोडेच आहेत. ओसीआरने वाचलं ते असं:

```
तारीख   तपशील          नावे        जमा       शिल्लक
        आरंभीची                             84,310.50
03/04   यूपीआय                   2,500.00   86,810.50
05/04   चेक, लिफ्ट   18,644.00              63,166.50
05/04   यूपीआय                   2,500.00   70,666.50
08/04   वीजबिल       11,870.00              59,296.50
10/04   चेक जमा                  7,500.00   66,796.50
12/04   यूपीआय                   2,500.00   69,278.80
```

आरंभीच्या शिलकेत सगळी जमा मिळवून नावे वजा केलं की 68,796.50 येतात. छापील अखेरची शिल्लक 69,278.80. फरक 482.30. एवढ्या रकमेची एखादी जमा राहिली असेल म्हणून फोटो पुन्हा पुन्हा पाहिला, तर 482.30 हा आकडा कुठेच नाही. अशी बरीच पानं पुढे आहेत. एकेक ओळ डोळ्यांनी ताडून पाहण्यापेक्षा बरा मार्ग आहे का?

शुभदा_ठाणे
शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माझ्या खात्यातून एकदा न सांगता चार्ज कापले होते, अर्ज दिल्यावरच परत आले. बँकेने शिल्लक चुकवली असेल तर ती त्यांनीच निस्तरायची.

पुष्कर_खजिनदार
शुभदाताई, बँकेचा हिशेब बरोबरच असणार. कागदावरची शिल्लक बँकेच्या संगणकाने काढलेली आहे. चूक फोटो वाचताना झालीय, ती कुठे झाली एवढंच शोधायचंय.

वसंतराव_जो
फरकाला 9 ने भाग जातो का पाहा. गेला तर दोन आकड्यांची अदलाबदल झालीय, 54 चे 45 वगैरे. आम्ही कीर्द तपासताना पहिलं हेच करायचो.

मेधा_ऑडिट
वसंतकाका, हाताने उतरवलेल्या आकड्यांना तो नियम फार उपयोगी पडतो. ओसीआर मात्र सहसा आकड्यांची जागा बदलत नाही, एका आकड्याच्या जागी दुसराच वाचतं. 3 चा 8, 1 चा 7, 5 चा 6. शिवाय इथे 482.30 ला 9 ने भाग जातही नाही.

पुष्कर, 482.30 शोधणं आधी थांबवा. ती एका चुकीची रक्कम नाही, अनेक चुका एकमेकींत मिसळून उरलेला आकडा आहे. पूर्ण पानाची बेरीज फक्त चूक आहे एवढंच सांगते. जागा कळायला प्रत्येक ओळ तिच्या लगेच वरच्या छापील शिलकेशी ताडावी लागते. शिल्लक E स्तंभात, जमा D मध्ये, नावे C मध्ये आणि आरंभीची शिल्लक E2 मध्ये असेल तर F3 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=ROUND(E3-(E2+D3-C3),2)
```

E2 ही वाचलेली छापील शिल्लकच हवी, तुम्ही स्वतः मोजत आणलेली नको. स्वतःची मोजत गेलात तर एक चूक झाली की खालच्या सगळ्या ओळी चुकीच्या दिसतात. छापील घेतलीत तर चूक असेल तिथेच साखळी तुटते आणि पुढे पुन्हा जुळते. ROUND ठेवाच, नाहीतर पैशांच्या दशांशात नसलेले फरक दिसू लागतात. एखाद्या ओळीवर #VALUE! आलं तर तिथे शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर वाचलंय का ते पाहा.

पुष्कर_खजिनदार
केलं. लिफ्टच्या चेकवर −5,000. त्याच्या खालच्या यूपीआयवर +5,000. वीजबिलावर +500. शेवटच्या यूपीआयवर −17.70. बाकी ओळी शून्य. आणि या चारांची बेरीज बरोबर 482.30!

मेधा_ऑडिट
आता एकेक घेऊ.

पहिले दोन फरक लागून आहेत, रक्कम तीच आणि चिन्हं उलट. हे शिल्लक चुकीची वाचल्याचं लक्षण आहे, कारण एक शिल्लक दोन हिशेबांत येते: आधी स्वतःच्या ओळीत आणि मग खालच्या ओळीची सुरुवात म्हणून. 86,810.50 मधून 18,644 गेले की 68,166.50 राहतात. तुमच्याकडे 63,166.50 वाचलंय, म्हणजे 8 चा 3 झालाय. रकमेचे स्तंभ इथे ठीक आहेत. हीच जोडी नसती आणि एकटाच +5,000 आला असता, तर मी त्याचं अर्ध करून पाहिलं असतं. 2,500 ची जमा नावेच्या स्तंभात गेली की नेमका दुप्पट, 5,000 चा फरक पडतो.

वीजबिलावरचा +500 एकटा आहे. याचे दोन अर्थ होतात. एक तर 11,370 चे 11,870 वाचले गेलेत, नाहीतर वीजबिलाच्या आधी 500 ची एक जमा ओळच गळालीय. गणिताला हे दोन्ही सारखेच दिसतात. फरक 500 म्हणजे शतकाच्या जागी पाचाचा आहे, आणि 3 नि 8 मधलं अंतर पाचच, म्हणून माझा कल चुकीच्या वाचनाकडे आहे. पण निकाल फोटोच देईल. तेवढीच ओळ मोठी करून पाहा.

−17.70 मात्र आकडा चुकल्यासारखा वाटत नाही. एखादा आकडा चुकला की फरक 500, 5,000, 30 असा एका आकड्यापुढे शून्यांचा येतो. 17.70 म्हणजे 15 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. एसएमएस चार्जची ओळ गळाली असणार, 10 आणि 12 तारखेच्या मध्ये कुठेतरी.

पुष्कर_खजिनदार
वीजबिल 11,370 च आहे. आणि 10 तारखेला एसएमएस चार्जची ओळ सापडली, कागदाची घडी नेमकी तिच्यावरून गेलीय. तिची शिल्लक 66,778.80. आता सगळे फरक शून्य.

निखिल_डेटा
एवढं फोटो बघत बसायची गरज काय? रकमेचा स्तंभ सोडूनच द्या. खालची शिल्लक वजा वरची शिल्लक म्हणजे रक्कम. वाढली तर जमा, घटली तर नावे. शिलकेचा एकच स्तंभ नीट वाचला की काम झालं.

मेधा_ऑडिट
निखिल, ओळ एकही गळाली नसेल आणि शिल्लक सगळ्या बरोबर वाचल्या असतील, तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण याच पानावर करून पाहा. 69,278.80 वजा 66,796.50 म्हणजे 2,482.30. एका सभासदाने 2,500 भरलेत आणि त्याच्या नावावर 2,482.30 जमा धरले जातील. त्याची थकबाकी दिसेल, बँक चार्ज कुठेच दिसणार नाही, आणि साखळी स्वच्छ असल्याने नंतर कोणाला शंकाही येणार नाही. रक्कम आणि शिल्लक वेगवेगळ्या वाचल्या म्हणूनच एकीने दुसरीची चूक पकडली. एकीवरून दुसरी बनवली की तपासणीच संपते. वजाबाकीचा आकडा शेजारी अंदाज म्हणून ठेवा, पण कागदावर दिसल्याशिवाय मूळ स्तंभात लिहू नका.

निखिल_डेटा
हे पटलं. तरीही शेकडो पानं असतील तर प्रत्येक फरकाला माणूस बसवणं परवडणार नाही. एका आकड्याचा फरक असेल आणि ती जोडी नेहमी गल्लत होणाऱ्यांपैकी असेल, तर आपोआप दुरुस्त करायला हरकत नसावी असं मला अजून वाटतं.

मेधा_ऑडिट
मी नाही करणार. 500 ची खरीखुरी ओळ गळालेली असूही शकते.

रफिक_हार्डवेअर
माझ्या दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यावर हे सूत्र लावलं, तर प्रत्येक ओळीवर फरक येतोय. सगळं पानच चुकीचं वाचलंय का?

मेधा_ऑडिट
रफिकभाई, फरक प्रत्येक वेळी त्या ओळीच्या रकमेच्या दुप्पट आहे का? असेल तर वाचन ठीक आहे. तुमच्या शिलकेपुढे Dr छापलेलं असणार, म्हणजे ती देणी आहे. तो आकडा ऋण करून घ्या. कधी खातं जमेकडे गेलं तर त्या ओळीपुढे Cr असेल, ती धन ठेवा. हे दोन अक्षरी शेपूट ओसीआरकडून गळतं, तिकडे लक्ष असू द्या.

रफिक_हार्डवेअर
हो, दुप्पटच होता. ऋण केल्यावर जुळलं.

पुष्कर_खजिनदार
पुढच्या पानांवर एक अडलंय. दोन फोटोंच्या सांध्यावर 2,500 ची चेक जमा दोनदा आलीय, दोन्ही ओळींची शिल्लक तीच, आणि दुसरीवर फरक −2,500. फोटो काढताना पान थोडं परत आलं असणार. दुसरी ओळ काढून टाकू ना?

मेधा_ऑडिट
थांबा, आधी तारीख आणि चेक नंबर पाहा. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर काढा. पण चेक जमा झाला, परत आला, पुन्हा भरला, तरीही शेवटची शिल्लक पहिल्या जमेनंतर होती तीच येते. मधली परतीची ओळ गळाली की उरलेल्या दोन ओळी अगदी अशाच दिसतात आणि फरकही −2,500 च येतो.

पुष्कर_खजिनदार
चेक नंबर तोच आहे, पण तारखा वेगळ्या! एक 21 ची, एक 26 ची. दोन फोटोंच्या मध्ये पानाचा तळ कापला गेलाय, तिथे परतीची ओळ असणार. त्या पानाचा दुसरा फोटो मागवतो.

मेधा_ऑडिट
मागवाच, परतीचा चार्जही तिथेच असेल का ते कळेल. आत्ता फरक नेमका 2,500 आहे, म्हणजे 21 ते 26 मध्ये तरी चार्ज लागलेला नाही. तो पुढच्या एखाद्या तारखेला शोधा.

एक गोष्ट या पद्धतीला दिसतच नाही. जमा आणि परत या दोन्ही ओळी गळाल्या तर निव्वळ फरक शून्य, साखळी तुटतच नाही. त्यासाठी स्टेटमेंटच्या शेवटी नावे आणि जमेच्या ओळींची संख्या छापलेली असेल तर ती आपल्या संख्येशी ताडा. तारीख आणि सभासदाचं नाव चुकीचं वाचलं असेल तर तेही शिलकेवरून कळणार नाही.

वसंतराव_जो
आमच्या जुन्या पतपेढीच्या उताऱ्यात शिल्लक प्रत्येक ओळीला नसून दिवसाच्या शेवटच्या ओळीलाच छापलेली असे. तिथे काय करायचं?

मेधा_ऑडिट
तिथे अख्खा दिवस एक ओळ धरून तपासायचा. फरक आला तर दिवस कळतो, ओळ कळत नाही. एका दिवशी पाच-सहा व्यवहार असतील आणि त्यांत दोन चुका असतील, तर त्या वेगळ्या करायचा खात्रीचा मार्ग माझ्याकडे नाही. कोणी असे उतारे हाताळले असतील तर कृपया लिहा.