मदत हवी आहे: चार कॉलमी साप्ताहिकाची पीडीएफ मोबाइलवर एका कॉलमात कशी आणावी?

वाचनवेडी: आमच्या तालुक्याचं साप्ताहिक दर शनिवारी पीडीएफमध्ये येतं. पान A3 आकाराचं, चार कॉलम. आईला ते मोबाइलवर वाचायचं असतं, पण अक्षर मोठं केलं की तिला एकेक ओळ डावीउजवीकडे सरकवत वाचावी लागते, आणि कॉलम संपला की पान पुन्हा वर ओढून पुढचा शोधायचा. सगळं एकाखाली एक आलं तर हवंय. मजकूर कॉपी करून पाहिला, तर "´Öã´²Ö‡Ô" असलं काहीतरी येतं.

सदू_पुणेरी: सोपं आहे. कॅलिबरमध्ये टाका आणि ईपबमध्ये बदला, कॉलम आपोआप जातील.

वाचनवेडी: केलं. अख्खं पुस्तक त्याच खुणांचं निघालं.

खिळेजुळारी: निघणारच. अंक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात लावलाय. त्यात 'क' दिसतो, पण आत रोमन किंवा भलतंच चिन्ह बसलेलं असतं. युनिकोडातला अंक असता तर सदूंचा उपाय निदान निम्मा लागू पडला असता. तुम्ही मजकुराच्या मागे लागू नका, पानाचं चित्र कापा. k2pdfopt नावाचा फुकट प्रोग्राम तेच करतो: पांढऱ्या पट्ट्या शोधून कॉलम वेगळे करतो आणि एकाखाली एक लावतो.

आणि एक गंमत बघा. A3 वर चार कॉलम म्हणजे एक कॉलम साधारण साडेसहा सेंटिमीटर. मोबाइलची रुंदीही जवळपास तेवढीच! म्हणून ओळी नव्याने मोडायची गरजच नाही, नुसते कापून रचा.

```
k2pdfopt -ui- -x -col 4 -evl 1 -wrap- -w 1080 -h 2160 -dpi 400 ank.pdf
```

`-wrap-` म्हणजे ओळी मोडू नका. `-evl 1` विसरू नका. कॉलमांच्या मध्ये बारीक उभी रेघ असली की प्रोग्रामला तिथे मोकळी जागा दिसत नाही आणि दोन कॉलम चिकटलेलेच राहतात. हा पर्याय ती रेघ पुसतो. नवी फाईल `ank_k2opt.pdf` नावाने मिळेल.

कोडवाली_मेघा: तुमच्या साइटवर `column-count` काढून नुसतं `column-width: 20em` द्या. मोबाइलवर आपोआप एकच कॉलम होतो.

वाचनवेडी: मेघाताई, साइट माझी नाही हो, मला फक्त पीडीएफ मिळते.

खिळेजुळारी काका, पान १ आणि २ एकदम झकास! पण पान ३ वर घोळ आहे. पुलाची बातमी अर्ध्या वाक्यावर तुटते, मग भलताच परिच्छेद, मग फोटो, आणि त्यानंतर आधीचं वाक्य पूर्ण होतं.

खिळेजुळारी: फोटो दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉलमवर आडवा पसरलाय ना? मग प्रोग्राम पानाचे आडवे तुकडे करतो: दोन्ही कॉलमांचा वरचा भाग, मग फोटो, मग दोन्हींचा खालचा भाग. लावणाऱ्याच्या मनात मात्र दुसरा कॉलम फोटोखालूनही चालूच होता. नुसत्या मोकळ्या जागा बघून हे कळणार नाही. तिथे हाताने कापा, एकेक कॉलम वेगळा:

```
k2pdfopt -ui- -x -p 3 -col 1 -wrap- -w 1080 -h 2160 -dpi 400 -cbox 3.2,4,2.6,9 -o p3-2.pdf ank.pdf
```

आकडे इंचात: डावीकडून, वरून, रुंदी, उंची. तुमच्या पानावर मोजून बदला. तिसऱ्या कॉलमसाठी पहिला आकडा 5.9 च्या आसपास असेल. फोटोचे दोन तुकडे होतील, ते चालवून घ्या.

जुनेअंक_जमवणारा: माझ्याकडे सत्तरच्या दशकातले दिवाळी अंक स्कॅन केलेले आहेत. दोन कॉलम असूनही एकही वेगळा होत नाही. `-as` देऊन पान सरळ केलं, तरी निम्मी पानं तशीच.

खिळेजुळारी: पान तिरकं असलं की मधली पट्टी उभी राहत नाही, म्हणून सरळ करणं बरोबरच. उरलेल्या पानांवर शिवणीजवळची काळी सावली मध्ये येत असेल. आधी ती कापून बघा. एखादं पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही.

वाचनवेडी: पान ३ जमलं! कापायला पंधरा मिनिटं लागली, दर आठवड्याला तेवढं चालेल. पण फाईल चांगलीच फुगली, आणि आई म्हणते, "अक्षर अजून थोडं मोठं कर ना गं."

खिळेजुळारी: फुगण्यावर `-n` घाला, चित्राऐवजी मूळ पानच कापून वापरलं जाईल. मोठ्या अक्षराला मात्र ओळी मोडाव्याच लागतील, म्हणजे `-wrap-` काढा, `-n` पण काढा आणि `-dpi` 500 करून बघा. भीती एवढीच की अंकात ओळी दाट लावल्या असतील तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात, आणि प्रोग्राम दोन ओळींना एकच समजतो.

सदू_पुणेरी: त्यापेक्षा मोबाइल आडवा धरायचा!

वाचनवेडी: सदूभाऊ, आई चहा पीत वाचते, एकाच हातात मोबाइल असतो. `-dpi` 500 ने पान १ वर बहुतेक ओळी नीट आल्या, अग्रलेखात मात्र चार ठिकाणी दोन ओळी एकात एक घुसल्या. कोणाला यावर काही सुचतंय का?